‘ड’ ते ‘ब-2’ : एका प्रगतिपत्रकातल्या तीन रकान्यांची गोष्ट

जिल्हा परिषदेच्या शाळेत मिळणाऱ्या प्रगतिपत्रकावर विषयांच्या श्रेणी असतात, उपस्थिती असते, उंची-वजन असतं आणि खाली वर्णनात्मक नोंदींचे तीन रकाने असतात: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. प्रत्येक रकान्यात दोन-तीन ओळी कशाबशा मावतात. 2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून हे रकाने शिक्षकाच्या हातात आहेत. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ते भरण्याची घाई होते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तयार नोंदींच्या याद्या अशा वेळी सगळ्यांच्याच कामी येतात. ‘दररोज शाळेत उपस्थित राहतो’, ‘वर्गात लक्षपूर्वक ऐकतो’, ‘वाचनात सुधारणा आवश्यक’. वर्गातल्या बऱ्याच मुलांचं यात भागून जातं. पण जून-जुलैत पार मागे असलेलं आणि मग महिन्यामागून महिना वर येत गेलेलं मूल असलं, की यादीतलं एकही वाक्य त्याला नीट बसत नाही. अशाच एका मुलाची नोंद मी कशी लिहिली, ते सविस्तर सांगते.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात तिसरीचा वर्ग घेते. मुलाचं नाव इथे लिहीत नाही. त्याचे आई-वडील सुरतला कापडाच्या कारखान्यात कामाला आहेत. सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या आमच्या गावांमधून सुरतेला जाणं नवीन नाही, घरटी एखादा माणूस तिकडे असतोच. या मुलाच्या पहिली-दुसरीची दोन वर्षं सुरतेतच गेली, तीही गुजराती माध्यमाच्या शाळेत. धाकट्या भावाचा जन्म झाल्यावर आई-वडिलांनी त्याला गावी आजीकडे ठेवलं आणि जूनमध्ये तो माझ्या वर्गात आला. घरी अहिराणी, आधीच्या शाळेत गुजराती आणि आता समोर मराठीचं पुस्तक.

पहिल्या आठवड्यात मी त्याला पुस्तक उघडून वाचायला सांगितलं, तर तो गप्प उभा राहिला. दुसऱ्या कुणाकडे ‘अक्षरओळख नाही’ अशी नोंद सहज झाली असती, कारण दिसत तसंच होतं. पण अक्षरांची कार्डं एकेक करून दाखवल्यावर वेगळंच समोर आलं. ग, म, न, प, त, घ, स ही अक्षरं तो पटापट ओळखत होता. क, ख, ज, झ, फ, भ, अ, इ आली की अडत होता. ज्याला अक्षरंच येत नाहीत त्याची अडखळ अशी नसते. त्याला सोपं-अवघड कसंही मागेपुढे येतं, आज आलेलं उद्या येत नाही. याची अडखळ ठरलेली होती. गुजराती लिपीत जी अक्षरं देवनागरीशी मिळतीजुळती आहेत ती त्याला येत होती, आणि जी वेगळ्या वळणाची आहेत ती येत नव्हती. मग त्याच्या दप्तरातलं जुनं गुजराती पुस्तक मी त्याला वाचायला दिलं. ते त्याने दुसरीच्या मुलाने वाचावं तसं वाचलं. म्हणजे वाचन कसं करतात हे पोराला माहीत होतं, लिपी तेवढी बदलली होती.

लिखाणातही तेच दिसायचं. गुजरातीत शिरोरेषा नसते, म्हणून त्याचे शब्द बोडके असायचे. शिरोरेषा द्यायची हे सांगितल्यावर त्याने आपली एक पद्धत काढली. आधी पट्टीने वहीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं लटकवायची. रेघ सरळ यायची, अक्षरंही सुबक असायची, पण दोन शब्दांमध्ये जागाच राहायची नाही. ‘माझीशाळागावातआहे’ असं सलग. ती वही मी जपून ठेवली. पुढे एप्रिलमध्ये नोंद लिहिताना ती समोर होती म्हणून बरं झालं, कारण नऊ-दहा महिन्यांपूर्वी एखादं मूल नेमकं कसं लिहीत होतं हे तीसेक मुलांच्या वर्गात डोक्यात राहत नाही.

सुधारणा लिहायची तर दोन टोकं लागतात, आणि दोन्ही टोकं एकाच मापाने मोजलेली लागतात. जुलैत आपण मुलाला सोपे शब्द वाचायला दिले आणि एप्रिलमध्ये तिसरीचा धडा दिला, तर मूल पुढे गेलं की नाही हे सांगताच येत नाही. म्हणून मी दुसरीच्या पातळीचा साधारण 70 शब्दांचा एक उतारा जुलैत निवडला. विहिरीवर पाणी भरायला गेलेल्या मुलीची छोटी गोष्ट होती. मुलाने तो मोठ्याने वाचायचा, एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द मोजायचे, चुकलेले शब्द जसेच्या तसे टिपून ठेवायचे, आणि शेवटी गोष्टीवर चार साधे प्रश्न तोंडी विचारायचे. नंतर तो उतारा मी कपाटात ठेवून दिला. दर काही आठवड्यांनी वाचून घ्यायचे ते उतारे त्याच पातळीचे, पण वेगळे. तोच उतारा पुन्हा पुन्हा दिला तर मूल तो पाठ करतं, आणि वाढलेला आकडा पाठांतराचा आहे की वाचनाचा हे कळत नाही. जुलैचा उतारा त्याच्यासमोर पुन्हा आला तो एप्रिलमध्येच.

जुलैत त्याने मिनिटाला 7 शब्द बरोबर वाचले. उरलेली गोष्ट मी वाचून दाखवली आणि प्रश्न विचारले, तर चारपैकी तीन उत्तरं बरोबर आली. गणितातही हेच व्हायचं. बेरीज-वजाबाकी हातच्यासकट बरोबर, शाब्दिक उदाहरण मात्र कोरं. तेच उदाहरण वाचून दाखवलं की लगेच सोडवायचा. समजत सगळं होतं, छापलेलं वाचण्यात अडत होतं. नोंद लिहिताना हा फरक फार उपयोगी पडतो, कारण ‘मंद’, ‘कच्चा’, ‘अभ्यासात मागे’ हे शब्द पूर्ण मुलाला चिकटतात आणि इथे अडचण पूर्ण मुलाची नव्हतीच.

वाचताना तो आणखी एक गोष्ट करायचा. ‘झाडावर पोपट आहे’ या वाक्यावर बोट ठेवून तो ‘झाडवर पोपट शे’ असं म्हणायचा. ‘आहे’ या शब्दाशी आला की तोंडातून अहिराणीच निघायची. माझ्या मोजणीत हा शब्द चूक धरावा लागे, पण टिपणवहीत मी शेजारी लिहून ठेवायचे, ‘अर्थ समजून वाचतो’. अर्थ कळल्याशिवाय ‘आहे’चं ‘शे’ होत नाही. आमच्याकडच्या पोरांच्या अशा चुका मराठीच्या कच्चेपणात मोजल्या जातात, त्याचं मला वाईट वाटतं.

दिवाळीआधी पहिल्या सत्राचं संकलित मूल्यमापन झालं. तिसरीला आकारिकचं, म्हणजे सत्रभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाचं, वजन 60 आणि संकलितचं, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचं, 40. मराठीत त्याला आकारिकमध्ये 22 आणि संकलितमध्ये 13 गुण पडले, एकूण 35, म्हणजे श्रेणी ‘ड’. गणितात ‘क-1’. आजी प्रगतिपत्रक घ्यायला आली तेव्हा तिचा एकच प्रश्न होता, “मॅडम, त्याले डोकं शे का नही?” हा प्रश्न तिच्या मनात सुरतेहून आलेल्या फोनमुळे पेरला गेला असणार. पोरगा दोन वर्षं शाळेत जाऊन ‘ड’ घेऊन आला, तर घरातले दुसरं काय विचारणार?

त्या सत्राच्या नोंदीत मी कारण स्पष्ट लिहिलं: ‘गुजराती माध्यमातून आला आहे. गोष्ट ऐकून आशय अचूक सांगतो. देवनागरी अक्षरे व स्वरचिन्हे ओळखून शब्द वाचू लागला आहे.’ सुधारणा आवश्यकच्या रकान्यात: ‘काना, वेलांटी, उकार असलेले शब्द वाचण्याचा सराव.’ श्रेणीच्या शेजारी हे कारण असणं गरजेचं होतं. ‘ड’ हे अक्षर एकटं राहिलं की वाचणारा त्याचा अर्थ आपल्या मनाने लावतो. मुख्याध्यापकांना ‘गुजराती माध्यमातून आला आहे’ हे वाक्य खटकलं. प्रगतिपत्रकावर अशी सबब लिहू नये, असं त्यांचं मत होतं. मी त्यांना म्हटलं, “सर, पुढच्या वर्षी हे कार्ड उघडणाऱ्याला ‘ड’ कशामुळे ते कळलं पाहिजे ना?” ते तयार झाले, फक्त ते वाक्य एकाच सत्रात ठेवा म्हणाले. तेही बरोबरच होतं, पुढे सांगतेच.

दिवाळीच्या सुट्टीत तो सुरतेला गेला आणि उशिरा परतला. आला तेव्हा कपाशीची वेचणी जोरात होती, आजी वावरात जायची आणि तो कधी कधी तिच्याबरोबर. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्याचा आकडा जागचा हलला नाही. ऑक्टोबरला मिनिटाला 18 शब्द होते, डिसेंबरलाही जवळपास तेवढेच. आकड्यावर नजर ठेवली असती तर पोरगा थांबला असंच वाटलं असतं. पण चुकलेल्या शब्दांची यादी पाहिली तर ती सबंध बदललेली होती. ऑक्टोबरमध्ये तो ‘जमीन’, ‘फूल’, ‘भिंत’ असल्या शब्दांना अडत होता, म्हणजे अजून अक्षर आणि वेलांटी-उकार यांच्यापाशीच. डिसेंबरच्या यादीत ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘दुसऱ्या’, ‘मित्र’ असे शब्द होते. अक्षरं आणि स्वरचिन्हं मागे पडून अडचण जोडाक्षरांवर गेली होती, तीही बहुतेक ‘र’च्या जोडाक्षरांवर. चुका कमी झाल्या नव्हत्या, पण वरच्या पायरीवर गेल्या होत्या. म्हणून नुसते आकडे टिपून चालत नाही, चुकलेला शब्दही टिपावा लागतो. पुढे नोंदीचा तिसरा रकाना मी याच यादीवरून लिहिला.

‘र’ आमच्या लिपीत चार वेशांत फिरतो. ‘सूर्य’मध्ये डोक्यावर रफार, ‘चक्र’मध्ये पायाशी तिरकी रेघ, ‘ट्रक’मध्ये खाली उलटी टोपी आणि ‘दुसऱ्या’मध्ये डोळ्याच्या पापणीसारखा. मूल रफार पाहतं आणि तो कुठे वाचायचा हे त्याला कळत नाही, कारण चिन्ह पुढच्या अक्षरावर असतं आणि उच्चार त्याआधी असतो. याने तर ‘सूर्य’ला ‘सूय’ म्हणून रफार चक्क गाळूनच टाकला होता. जानेवारी-फेब्रुवारीत मी गटात रोज पाच शब्द घेतले, एका वेळी एकाच प्रकारचे. रफाराचे आठवडाभर, मग पायाशी रेघ असलेले. चारही एकत्र घेतले की मुलं गोंधळतात.

फेब्रुवारीत एकदा तो ‘विहिरीच्या काठावर’ असं वाचताना ‘विहिरी’वर थांबला. मी काही बोलले नाही. त्याने ‘वि’ म्हटलं, ‘हि’ म्हटलं, थांबला, ‘विहीर’ म्हटलं, मान हलवली, मग ‘विहिरीच्या’ म्हणून बोट पुन्हा वाक्याच्या सुरुवातीला नेलं आणि सगळं वाक्य एका दमात वाचलं. ही सवय कुणी शिकवून लागत नाही असं मी म्हणणार नाही, पण बहुतेक मुलं अडलेला शब्द सोडवून तिथूनच पुढे जातात. वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचणारं मूल अर्थ जुळतो का ते तपासत असतं. त्याच दिवशी मी तारीख घालून टिपणवहीत हे लिहून ठेवलं. आता वाटतं, सबंध वर्षातली सगळ्यात मोलाची नोंद तीच होती.

एप्रिल आला. सकाळची शाळा सुरू झाली, ऊन चढायच्या आत पेपर. मराठीत त्याला आकारिक 41, संकलित 22, एकूण 63, श्रेणी ‘ब-2’. जुलैचा उतारा कपाटातून काढून त्याच्यासमोर ठेवला. मिनिटाला 41 शब्द बरोबर, चारही प्रश्नांची उत्तरं बरोबर, आणि या वेळी मी काहीच वाचून दाखवलं नव्हतं. ‘आहे’ला तो ‘आहे’च म्हणाला.

आता विशेष प्रगतीच्या रकान्यात काय लिहायचं? सवयीने हातातून उतरणारं वाक्य म्हणजे ‘अभ्यासात चांगली प्रगती केली’. ते खोटं नाही, पण त्यात कशात, कुठून, कुठपर्यंत हे काहीच नाही. शिवाय तिसऱ्या रकान्यात ‘वाचनात सुधारणा आवश्यक’ लिहिलं की बाप विचारणार, प्रगती झाली की सुधारणा पाहिजे, एक काय ते सांगा. दोन्ही रकाने एकाच गोष्टीबद्दल बोलतात आणि एकमेकांना खोडतात.

मला आणखी एक काळजी होती. 7 वरून 41 ही झेप मोठी आहे, पण केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीच्या शेवटी मिनिटाला निदान 60 शब्द अर्थासह वाचता यावेत असं ठरवलेलं आहे. हा मुलगा अजून तिथे नाही. प्रगती पाहून आनंदाच्या भरात ‘अस्खलित वाचतो’ लिहिलं, तर चौथीचे शिक्षक त्याला वाचता येतं असं धरून चालणार. चौथीची पुस्तकं जाड, मग पाचवीला वार्षिक परीक्षा, आणि तिथे अनुत्तीर्ण झाला तर पुनर्परीक्षा. जो मुलगा वर येतोय त्याच्याकडे बघणं थांबलं तर तो तिथेच अडकतो. उलट, नुसतं ‘अपेक्षित पातळी गाठलेली नाही’ लिहिलं तर वर्षभराचं त्याचं चालणं पुसलं जातं. तो किती चालला आणि आता कुठे उभा आहे, या दोन्ही गोष्टी तेवढ्याशा जागेत यायला हव्या होत्या.

पहिल्यांदा लिहिलं ते असं: ‘वर्षाच्या सुरुवातीला वाचता येत नव्हते. आता दुसरीच्या पातळीचा उतारा वाचतो.’ पुन्हा वाचल्यावर ‘वाचता येत नव्हते’ मला नको वाटलं. एक तर ते खरं नव्हतं, गुजराती तो वाचतच होता. दुसरं, प्रगतिपत्रक वर्षानुवर्षं घरात जपून ठेवलं जातं, आणि ‘येत नव्हते’ हे शब्द मूल मोठं झाल्यावर स्वतःही वाचतं. सुरुवात दाखवायची तर तेव्हा जे येत होतं ते लिहूनही दाखवता येते. ‘सुट्या शब्दांपासून’ एवढं म्हटलं की सुरुवात कळते आणि कमीपणाही येत नाही.

मेहनतीबद्दल लिहायचं मनात होतं. ‘खूप मेहनती आहे’ हे स्वभावाचं वर्णन झालं, त्यावरून पुढच्या शिक्षकाला काय करायचं ते कळत नाही. त्याची मेहनत मला दिसली होती ती विहिरीच्या वाक्यावर, आणि तेच लिहिलं. इतर मुलांशी तुलना करणारा एकही शब्द ठेवला नाही, ‘वर्गातील इतरांप्रमाणे’ हा शब्दप्रयोगसुद्धा नाही. आणि गुजराती माध्यमाचा उल्लेख या वेळी काढला. पहिल्या सत्रात तो ‘ड’चं कारण होता, आता ‘ब-2’ला त्याची गरज नव्हती. दोन्ही सत्रांत तेच वाक्य ठेवलं असतं तर ते मुलाची ओळख होऊन बसलं असतं. माझ्या टिपणवहीत मात्र ते आहे, आणि ती चौथीच्या सरांकडे जाणार आहे.

शेवटी प्रगतिपत्रकावर उतरलं ते हे.

विशेष प्रगती: ‘सुट्या शब्दांपासून सुरुवात करून आता दुसरीच्या पातळीची गोष्ट स्वतः वाचतो व तिचा अर्थ सांगतो. अडलेला शब्द सोडवून वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचतो. शब्दांत योग्य अंतर ठेवून लिहितो.’

आवड व छंद: ‘गोष्टी ऐकून त्या अहिराणीत रंगवून सांगतो.’

सुधारणा आवश्यक: ‘तिसरीचे धडे वाचताना वेग कमी पडतो. ‘र’ची जोडाक्षरे (सूर्य, चक्र, दुसऱ्या) यांचा सराव. रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचन.’

मधल्या रकान्याबद्दल दोन शब्द. तिथे बहुतेकदा ‘खेळणे, चित्र काढणे’ असं लिहिलं जातं. पण शनिवारी दप्तराविना शाळेत हा पोरगा कानबाईच्या उत्सवातली गंमत अशी काही सांगायचा की पहिली-दुसरीची पोरंसुद्धा येऊन बसायची. अहिराणी हा शब्द प्रगतिपत्रकावर आला, तेही त्याच्या आवडीच्या रकान्यात, याचा मला आनंद वाटतो. मुख्याध्यापकांनी सही करताना काही विचारलं नाही.

तिसऱ्या रकान्यात मला पाच-सहा गोष्टी लिहिता आल्या असत्या. ऱ्हस्व-दीर्घ आहे, विरामचिन्हं आहेत, अक्षराचा आकार आहे. मी एक मुख्य अडचण आणि एक कृती एवढंच ठेवलं. पाच गोष्टी लिहिल्या की घरातला माणूस एकही करत नाही. आणि ‘सराव’ एवढंच लिहिलं की कशाचा ते त्याला ठाऊक नसतं, म्हणून शब्दांची उदाहरणं तिथेच दिली.

ही नोंद वाचणार कोण होतं, याचाही विचार मी लिहिताना केला होता. आजीला लिहिता-वाचता येत नाही. 1 मेला तिने कार्ड हातात घेतलं आणि विचारलं, “पास व्हयना ना?” मी हो म्हटलं आणि नोंद तिला वाचून दाखवली. मग ती म्हणाली, “घर बी वाचस तो.” तिला तेवढं पुरेसं होतं. पण शाळेतून निघायच्या आत कुणीतरी कार्डाचा फोटो काढून सुरतेला पाठवला. वडील सातवीपर्यंत शिकलेले. ते हे वाचणार होते तेव्हा शेजारी मी नव्हते, समजावून सांगायला कुणी नव्हतं. म्हणून वाक्यं लहान, ‘आकलन’, ‘अध्ययन निष्पत्ती’, ‘श्रवण कौशल्य’ हे शब्द टाळलेले. ते शब्द आमच्या टिपणवहीत शोभतात, केंद्रप्रमुख तिथे बघतात. बापाला ‘गोष्ट वाचतो आणि अर्थ सांगतो’ हे लगेच कळतं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. आधी त्यांनी ‘ब-2’ म्हणजे किती ते विचारलं. मी सांगितलं, शंभरात 61 ते 70 मधलं. दिवाळीला होतं ते 33 ते 40 मधलं होतं. मग त्यांनी ‘र’च्या जोडाक्षरांबद्दल विचारलं. सुट्टीत मुलगा सुरतेला येणार होता, काय वाचून घ्यायचं? मी म्हटलं, दुसरीचं बालभारतीचं पुस्तक त्याच्यासोबत पाठवते, तिसरीचं नको. जे थोड्या कष्टाने वाचता येतं ते रोज वाचलं की वेग वाढतो, जे अवघडच जातं त्याने पोरगं कंटाळतं. वाचताना चुकला तर लगेच शब्द सांगू नका, जरा थांबा, तो स्वतः सोडवतो.

शेवटी ते ज्यासाठी फोन केला होता तिथे आले. पोराला आता परत सुरतेला ठेवून घ्यावं का, अशी घरात चर्चा चालू होती. निर्णय त्यांचाच. मी एवढंच सांगितलं की वर्षभर मेहनत करून त्याने मराठी वाचन धरलं आहे, आणि पुन्हा गुजराती माध्यमात घातलं तर चौथीच्या पुस्तकांसमोर त्याला परत लिपीपासून जुळवून घ्यावं लागेल. न्यायचंच असेल तर सुरत महानगरपालिकेच्या शाळांमध्ये मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत, आपल्या लोकांची वस्ती जिथे आहे तिकडे चौकशी करा आणि प्रवेश घेताना हे प्रगतिपत्रक दोन्ही सत्रांसकट दाखवा. पहिल्या सत्राची ‘ड’ पाहून तिथले शिक्षक घाबरणार नाहीत, कारण शेजारी लिहिलेलं आहे. आणि दाखल्यासाठी मला आधी कळवा, म्हणजे ऑनलाइन नोंद इकडून वेळेत सोडता येईल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कळवतो म्हणाले.